आईच्या ऑपरेशनचं संमतीपत्र मराठीत करताना: हाताने लिहिलेल्या ओळी आणि सहीच्या जागा

"आई सध्या इंग्लंडमध्ये भावाकडे आहे. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. संमतीपत्राचे चार फोटो भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेत. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी इथे निपाणीत बसून मराठी करतोय. छापलेलं जमतंय, पण डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं 'लॅप कोले +/- ओटीसी' आणि त्याखालचे धोके अडलेत. एकही धोका कमी-जास्त व्हायला नको. सहीच्या ओळी भाषांतरात कशा दाखवायच्या? आईने मराठी प्रतीवर सही करायची का?"

नाही, मराठी प्रतीवर सही करायची नाही. सही फक्त हॉस्पिटलच्या मूळ इंग्रजी फॉर्मवर. तुमची मराठी प्रत आईला वाचून समजण्यासाठी आहे आणि तसं तिच्या प्रत्येक पानावर वरच लिहा: "मूळ फॉर्म समजण्यासाठी केलेलं भाषांतर. सही मूळ फॉर्मवर." नोटरी, शिक्का, स्टॅम्प पेपर यातलं काहीही लागत नाही. आपल्याकडे उताऱ्याचं भाषांतर करून कोर्टात द्यायची सवय असल्यामुळे बेळगावात माझ्याकडे येणारे लोक हे हमखास विचारतात. पण हा कागद कोर्टात जायचा नाही, तो आईच्या हातात राहायचा आहे.

आता फोटो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पेनाचं बारीक अक्षर सगळ्यात आधी पुसट होतं. भावाला तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तुमच्या दुसऱ्या फोटोत पानाची उजवी कड दुमडलेली आहे आणि धोक्यांच्या तीन ओळींचा शेवट तिथेच आहे. तो भाग सपाट टेबलावर, खिडकीच्या उजेडात, फक्त त्या चौकटीपुरता जवळून पुन्हा काढून घ्या. पेशंटला मिळणारी प्रत बऱ्याचदा कार्बनची, खालची असते, तिच्यावर अक्षर आधीच फिकं असतं. अशा वेळी वरच्या मूळ प्रतीचा फोटो मागा. फॉर्मला मागची बाजू आहे का हेही विचारा. आईचं नाव, जन्मतारीख आणि हॉस्पिटलचा नंबर असलेलं स्टिकर झाकूनच फोटो पुढे जाऊ द्या, भाषांतराला त्याची गरज नसते.

इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांत बरीच वर्षं वापरात असलेला हा 'कन्सेंट फॉर्म १' आहे. प्रत्येक हॉस्पिटल त्यात थोडाफार बदल करतं, पण सांगाडा तोच. छापलेला भाग सगळ्या पेशंटना सारखा असतो. तुमच्या आईचं असं त्यात जे काही आहे, ते हाताने लिहिलेल्या त्या ओळींतच आहे. म्हणून माझा निम्मा वेळ तिथे जातो.

"लॅप कोले" म्हणजे लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टमी, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकणं. इथे "दुर्बिणीने" हाच शब्द ठेवा, खानापुरापासून चिकोडीपर्यंत सगळ्यांना तो कळतो. काही जण याला "लेसरचं ऑपरेशन" म्हणतात, तो शब्द येऊ देऊ नका, यात लेसर नसतो. आणि "काढून टाकणे" हे दोन्ही शब्द हवेतच. नुसतं "पित्ताशयाचं ऑपरेशन" लिहिलं तर खडे काढून पिशवी आत ठेवतात असं पुष्कळांना वाटतं.

"ओटीसी"वर नेहमी घोळ होतो. फोनवर शोधलंत तर चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं असा अर्थ येईल. इथे त्याचा अर्थ ऑन-टेबल कोलँजिओग्रॅम: ऑपरेशन चालू असतानाच पित्ताच्या नळीत रंगीत औषध सोडून एक्स-रे काढायचा आणि नळीत खडा अडकलाय का ते पाहायचं. ऑपरेशनच्या फॉर्मवरची आद्याक्षरं त्याच ऑपरेशनच्या संदर्भात सोडवायची, शब्दकोशात किंवा फोनवर जे पहिलं सापडेल ते उचलायचं नाही.

मधलं "+/-" हे चिन्ह छोटं दिसतं, पण आई कशाला हो म्हणतेय ते त्याच्यावर ठरतं. त्याचा अर्थ "गरज पडली तर, नाहीतर नाही". "आणि" लिहिलंत तर एक्स-रे नक्की होणार असं होतं. चिन्ह गाळलंत तर ज्या गोष्टीला आईने होकार दिलाय ती तिला माहीतच नसते. मी असं लिहीन: "दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकणे. त्याच वेळी गरज वाटल्यास पित्ताच्या नळीचा एक्स-रे." आणि शेजारी चौकटी कंसात: [हाताने लिहिलेलं, मुळात आद्याक्षरं आहेत]. म्हणजे तिथल्या दुभाष्याला किंवा नर्सला तुम्ही आद्याक्षरं सोडवून लिहिलीत हे दिसतं.

"पित्ताशय" या शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. काही वर्षांपूर्वी याच ऑपरेशनचं भाषांतर खानापूर तालुक्यातल्या एका आजींसाठी केलं होतं. शब्द सगळे बरोबर होते. फोनवर वाचून दाखवलं, आजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पित्ताचा तरास जातोय न्हवं एकदाचा?" त्यांना वीस वर्षं आंबट ढेकर आणि जळजळ. आपल्या बोलण्यात 'पित्त झालंय' म्हणजे ॲसिडिटी. त्यांना वाटलं, पित्ताची पिशवीच काढली की जळजळ संपली. फॉर्मवर फायद्याच्या ओळीत मात्र फक्त खड्यांमुळे येणाऱ्या कळा थांबाव्यात एवढंच होतं. जो फायदा डॉक्टरांनी सांगितलाच नाही, त्यासाठी त्या सही करणार होत्या आणि तो गैरसमज माझ्या शब्दाने पक्का झाला होता. तेव्हापासून पहिल्याच ठिकाणी असं लिहितो: "पित्ताशय, म्हणजे लिव्हरखाली असलेली छोटी पिशवी, जिच्यात तुमचे खडे झालेत." आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून, मूळ मजकुरापासून वेगळी: "जळजळ-आंबट ढेकर यालाही आपण पित्त म्हणतो. या फॉर्ममध्ये त्याबद्दल काही म्हटलेलं नाही." टीप मजकुरात मिसळायची नाही. मिसळली की डॉक्टरांच्या तोंडी तुमचं वाक्य जातं.

धोक्यांच्या चौकटीचं छापलेलं शीर्षक "गंभीर किंवा वारंवार होणारे धोके" असं करायचा मोह होतो. दोन जागा सांभाळा. मुळात "किंवा" आहे. काही धोके गंभीर पण विरळ असतात, काही किरकोळ पण बऱ्याच जणांना होणारे, आणि दोन्ही एकाच यादीत येतात. "आणि" केलंत की जखमेची साधी दुखणीही गंभीर होऊन बसतात. दुसरं, मराठीत "वारंवार" म्हणजे एकाच माणसाला पुन्हा पुन्हा. इथे अर्थ आहे पुष्कळ पेशंटना होणारे. म्हणून: "गंभीर असलेले, किंवा बऱ्याच पेशंटमध्ये आढळणारे धोके".

यादीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दुखणं, व्रण आणि हर्निया हे सरळ आहेत. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आणि ती गुठळी फुफ्फुसात जाणं ही मुळात तिरक्या रेघेने जोडलेली दोन आद्याक्षरं आहेत, तुमच्याकडे ती एकच झालीत. दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहा.

थांबायचं ते पुढच्या तिघांवर. "बाइल लीक" आणि "बाइल डक्ट इंज्युरी" या दोन्हींना तुम्ही "पित्त गळणे" केलंय. पहिल्यात पित्ताची गळती होते, उदाहरणार्थ चिमटा लावलेल्या टोकापासून किंवा पिशवी जिथून सोडवली त्या लिव्हरच्या भागातून. दुसऱ्यात लिव्हरकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य नळीलाच इजा होते आणि ती दुरुस्त करायला आणखी मोठं ऑपरेशन लागू शकतं. पहिल्यापेक्षा दुसरा विरळ, पण कितीतरी जड. म्हणून "पित्ताची गळती" आणि "पित्ताच्या मुख्य नळीला इजा" अशा दोन ओळी हव्यात. "रिटेन्ड स्टोन"ला तुम्ही "खडा ठेवणे" लिहिलंय, त्यातून डॉक्टर मुद्दाम ठेवतात असा वास येतो. "नळीत खडा राहून जाणे" म्हणा.

"कन्व्हर्जन टू ओपन" हे "ऑपरेशन अयशस्वी झाल्यास पोट उघडणे" झालंय. 'अयशस्वी' हा शब्द मुळात कुठेच नाही. दुर्बिणीतून आतलं नीट दिसत नसेल किंवा सूज-चिकटपणा जास्त असेल तर सुरक्षित राहावं म्हणून सर्जन नेहमीसारखा मोठा छेद घेऊन तेच ऑपरेशन पूर्ण करतात. "दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन पोटावर मोठा छेद घेऊन पूर्ण करावं लागणे." आई शुद्धीवर येऊन पोटावर मोठी पट्टी पाहील, तेव्हा काहीतरी बिघडलं असं तिला वाटू नये, आणि हे सांगितलंच नव्हतं असंही वाटू नये.

आकडे जसेच्या तसे. फॉर्मवर टक्के असतील तिथे टक्के, "३०० मध्ये १" असेल तिथे "३०० पेशंटमध्ये १". एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं नाही आणि आकड्याला "फक्त", "जेमतेम" असे शब्द चिकटवायचे नाहीत. आकडा नसून "क्वचित" असेल तर तेवढंच, नेटवर सापडलेला आकडा आणून घालायचा नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोतला नळीच्या इजेचा आकडा मला ३०० ही वाटतो आणि ८०० ही. तुम्ही ८०० घेतलाय. असा आकडा निवडायचाच नाही. तिथे लिहा: [आकडा वाचता येत नाही, ३०० किंवा ८०० असू शकतो, डॉक्टरांना विचारावा]. अशा जितक्या जागा निघतील त्या एका चिठ्ठीवर ओळ क्रमांकासह इंग्रजी-मराठीत लिहून भावाकडे द्या. ऑपरेशनपूर्व तपासणीला जाताना ती चिठ्ठी आईबरोबर गेली पाहिजे.

भावाने "फुफ्फुसातल्या गुठळीचं नको लिहूस, घाबरेल" असं सांगितल्याचं तुम्ही मेसेजमध्ये म्हटलंय. त्यामागची माया मला कळते, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या पाच घरांत हे होतं. पण ओळ गाळू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात स्पष्ट केलं की त्या जागी असलेल्या समजूतदार माणसाला, किंवा त्या विशिष्ट पेशंटला, जो धोका महत्त्वाचा वाटेल तो डॉक्टरने सांगायलाच हवा. डॉक्टरने तो लिहिला, आणि आपण घरात तो पुसला, तर आईची सही अर्ध्या कागदावर होते. घरी आल्यावरचीही गोष्ट आहे. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, पोटरी सुजली, ताप आला, पोटदुखी वाढली, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर ते लगेच सांगायचं हे तिला कशावरून कळणार? ज्या बाईला धोका माहीत नाही ती "प्रवासाचा शीण असेल" म्हणून गप्प पडून राहते. घाबरण्यावर उपाय म्हणजे वाचताना भावाने शेजारी बसणं.

छापलेल्या वाक्यांत क्रियापदाचं शेपूट सांभाळा. "लागू शकेल" आणि "लागेल" यात रक्त चढवण्याचा सगळा फरक आहे: अतिरिक्त उपचारांच्या ओळीत रक्त देण्यासमोर खूण आहे, ती "लागू शकेल"ची आहे. पेशंटच्या भागात एक वाक्य आहे, या फॉर्मवर नसलेला कुठलाही जादा उपचार कधी करतील त्याचं. तुम्ही "जीव वाचवण्यासाठी जादा उपचार करतील" असं केलंत, त्यात ते वचन झालं. मुळात ती मर्यादा आहे. "माझा जीव वाचवण्यासाठी किंवा माझ्या तब्येतीची गंभीर हानी टाळण्यासाठी आवश्यक असेल तरच, या फॉर्मवर न लिहिलेला जादा उपचार केला जाईल." त्या "तरच"वर वाक्य उभं आहे. अमुकच डॉक्टर ऑपरेशन करतील अशी हमी देता येत नाही, पण करणाऱ्याला योग्य अनुभव असेल, या वाक्याचे दोन्ही भाग हवेत. तुमचा दुसरा भाग राहिलाय.

आता सह्या. मूळ फॉर्मवरच्या प्रत्येक ओळीला पेन्सिलीने नंबर घालून फोटो काढायला सांगा आणि तेच नंबर मराठी प्रतीवर घाला. आईला "१४ नंबर" म्हटलं की दोन्ही कागदांवर बोट एकाच जागी पडलं पाहिजे. सहीच्या जागी भाषांतरात कधीही रिकामी रेघ ओढू नका, रेघ दिसली की माणूस सही करतो. त्याऐवजी चौकटी कंस: [१४: पेशंटची सही. मूळ फॉर्मवर रिकामी]. जिथे सही झालेली आहे तिथे [९: डॉक्टरांची सही, हाताने, वाचता येत नाही]. नाव छापलेलं असेल तर मराठीत लिहा आणि मूळ स्पेलिंगही शेजारी उतरवा. हुद्दा लिहिलाय तोच, "मोठे डॉक्टर" असं काही नाही. खूण केलेली आणि न केलेली दोन्ही चौकोन दाखवा, कारण न केलेली खूणही माहिती आहे.

आपल्याकडे हॉस्पिटलात नातेवाइकाची सही आधी घेतात, त्यामुळे भाऊ सहज पेन उचलेल. इंग्लंडमध्ये शुद्धीत आणि समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या मोठ्या माणसासाठी दुसरं कोणी संमती देऊ शकत नाही, मुलगाही नाही. "साक्षीदार" ही ओळ पेशंटने होकार दिला पण हाताने सही करता येत नाही, अशा वेळेसाठी आहे. आई मराठीत सही करत असेल तर तीच करावी. दुभाष्याची ओळ तुम्ही किंवा भावाने भरायची नाही. तिथे सही करणारा माणूस, ही माहिती पेशंटला समजेल अशा रीतीने मी सांगितली, असं लिहून देतो, आणि ते त्या खोलीत, त्या संभाषणात हजर असलेल्या दुभाष्याचं काम आहे. तुमचं भाषांतर दुभाष्याची जागा घेत नाही. भावाने हॉस्पिटलला आधीच कळवून दुभाष्या मागावा, आणि "इंडियन" म्हटल्यावर हिंदी लिहून घेतात म्हणून "मराठी" असं स्पष्ट सांगावं. सीमाभागात आणखी एक बघावं लागतं. घरी मराठी बोलणारी पण शाळा कन्नडमध्ये झालेली माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. आईला देवनागरी सफाईने वाचता येत नसेल तर छापील प्रतीबरोबर ओळ क्रमांक म्हणत सगळं वाचून रेकॉर्ड करून पाठवा.

सगळ्यात सावध राहायची जागा शेवटी आहे. "महत्त्वाच्या नोंदी" या छोट्या चौकटीत एक ओळ आहे: पेशंटने संमती मागे घेतली आहे, पेशंटला इथे सही व तारीख घालायला सांगा. तुमच्या मसुद्यात त्या ठिकाणी फक्त "पेशंटची सही व तारीख" असं आहे, वरची अर्धी ओळ फोटोत सावलीत गेलीय. या मसुद्यावरून आईने दोन ठिकाणी सही केली असती तर पहिली ऑपरेशनला हो म्हणणारी आणि दुसरी ते नको म्हणणारी. तिथे असं लिहा: [२२: संमती मागे घ्यायची असेल तरच पेशंटने इथे सही करायची. मूळ फॉर्मवर रिकामी]. ऑपरेशनच्या दिवशीची पुन्हा खात्री केल्याची ओळ डॉक्टरांच्या सहीची आहे, आईची नाही. आणि "आधी पुन्हा बोलल्याशिवाय मला नको असलेले उपचार" याखालच्या रिकाम्या ओळी रिकाम्याच दाखवा. त्या भरायलाच हव्यात असं नाही, पण त्यात लिहायचा हक्क आईचा आहे हे वाक्यात दिसलं पाहिजे.

मसुदा झाला की दोन तपासण्या करा. मूळ फॉर्म न पाहिलेल्या, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या कोणाला तरी तुमची मराठी प्रत द्या आणि धोक्यांची यादी तोंडी इंग्रजीत सांगायला लावा. ती मुळाशी ताडून बघा: ओळी तितक्याच, आकडे तेच, "शकेल" तिथेच. मग आईला फोन लावा. त्यांच्याकडे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, दुपारी दोननंतर लावलात तर तिची सकाळ निवांत सापडेल. "कळलं का?" असं विचारू नका, आई हो म्हणेल. तिला सांगू द्या: काय काढणार, मध्येच काय बदलू शकतं, सही किती ठिकाणी. ती "एकाच ठिकाणी, चौदा नंबरला" म्हणाली की मग प्रत भावाला छापायला पाठवा, शंकांच्या चिठ्ठीसकट.